मधली संख्या धरा

पाच क्रमागत संख्यांची बेरीज २६५ आहे, तर त्या संख्या कोणत्या? स्कॉलरशिपपासून पोलीस भरतीपर्यंत कुठल्याही परीक्षेत भेटणारे हे उदाहरण. बहुतेक जण सर्वांत लहान संख्या क्ष मानतात, पुढच्या क्ष + १, क्ष + २ अशा क्ष + ४ पर्यंत लिहितात आणि ५क्ष + १० = २६५ या समीकरणावरून क्ष = ५१ काढतात. उत्तर बरोबर येते. पण टोकाची संख्या धरल्यामुळे तो १० उगाच मागे लागतो, आणि या संख्यांची ठेवण कशी आहे हेही दिसत नाही.

त्याऐवजी मधली संख्या म धरा. मग पाच संख्या म − २, म − १, म, म + १, म + २ अशा होतात. बेरीज करताना डावीकडे जेवढे कमी पडते तेवढेच उजवीकडे जास्त होते, आणि उरते फक्त ५म. म्हणजे २६५ ला ५ ने भागले की ५३ मिळाले, आणि ५१ ते ५५ या संख्या समोर आल्या. ही युक्ती अलीकडची नाही. इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’तल्या गणितपादात श्रेढीची बेरीज अशीच सांगितली आहे: आधी मधले पद काढायचे आणि त्याला पदांच्या संख्येने गुणायचे.

संख्या चार असल्या तर? मग मधोमध कोणतीच संख्या नसते. मध्य दोन संख्यांच्या बरोबर अधेमध्ये पडतो. बेरीज २५० असेल, तर २५० ÷ ४ = ६२.५. अपूर्णांक आला की मुले घाबरतात आणि खोडरबर हाती घेतात, पण इथे तो यायलाच हवा. ६२.५ च्या दोन्ही बाजूंना ६२ आणि ६३, त्यांच्या पलीकडे ६१ आणि ६४, झाले उत्तर. फसवी बेरीज खरे तर २५२ ही आहे. तिला ४ ने पूर्ण भाग जातो, ६३ येतात, आणि तरीही ज्यांची बेरीज २५२ होईल असे चार क्रमागत पूर्णांक नाहीतच. ६१ ते ६४ ची बेरीज २५०, ६२ ते ६५ ची थेट २५४. चार क्रमागत पूर्णांकांच्या बेरजेला ४ ने भागल्यावर बाकी २ च उरते. हे एकदा कळले की प्रश्न चुकीचा छापला असेल तर तोही ओळखता येतो.

दुसऱ्या प्रकारात बेरीज दिलेली नसते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येतला संबंध दिलेला असतो. नुसता फरक सांगून काही उपयोग नाही, कारण पाच क्रमागत संख्यांत तो नेहमीच ४ असतो. माहिती मिळते ती पटीतून. समजा, पाच क्रमागत पूर्णांकांत सर्वांत लहान संख्येची तिप्पट ही सर्वांत मोठ्या संख्येच्या दुपटीपेक्षा ७ ने जास्त आहे. तिप्पट मोठी ठरली, म्हणून ७ मिळवायचे दुपटीत: ३(म − २) = २(म + २) + ७. यावरून म = १७ आणि संख्या १५ ते १९. ताळा पाहा: ४५ आणि ३८, फरक ७.

हेच ७ घाईत तिपटीत मिळवले तर म = ३ येतो आणि संख्या १ ते ५. उत्तर इतके सुबक असते की शंकाच येत नाही. समीकरणात उत्तर घालून पाहिले तरी ते जुळते, कारण समीकरणच चुकीचे मांडलेले असते. म्हणून ताळा प्रश्नातल्या वाक्याशी घ्यायचा. एकची तिप्पट ३, पाचची दुप्पट १०. इथे दुप्पटच मोठी निघाली. चूक तिथे सापडते.

कधी कधी समीकरणाचीही गरज नसते. पाच क्रमागत संख्यांत सर्वांत मोठी ही सर्वांत लहानीच्या दुप्पट आहे, असे म्हटले की मोठी म्हणजे लहान अधिक तेवढीच आणखी एक लहान. फरक तर ४ ठरलेलाच, म्हणून लहान संख्या ४ आणि मोठी ८. तिप्पट म्हटले तर तो ४ चा फरक दोन लहानांएवढा, म्हणजे लहान संख्या २ आणि मोठी ६. पण सहा संख्या घेऊन तिप्पट म्हटले तर फरक ५ चा, त्याचे दोन समान भाग २.५ चे, आणि पूर्णांकांत उत्तरच नाही.

आता प्रश्न उलटा करू: पाच क्रमागत संख्यांत सर्वांत लहान संख्या ही सर्वांत मोठीच्या दुप्पट. वाचताक्षणी हे अशक्य वाटते, आणि नैसर्गिक संख्यांत ते अशक्यच आहे. पण प्रश्नात ‘पूर्णांक’ म्हटले असेल, तर म − २ = २(म + २) वरून म = −६ येतो. संख्या −८, −७, −६, −५, −४. त्यांत सर्वांत लहान −८, सर्वांत मोठी −४, आणि −४ ची दुप्पट −८.