स्तंभ मोजायचे नाहीत, मुलं मोजायची

समजा, सांख्यिकीच्या सरावपत्रिकेत 20 मुलांनी महिनाभरात वाचलेल्या पुस्तकांची सारणी दिली आहे. एकही पुस्तक न वाचलेली मुलं 3, एक वाचलेली 6, दोन वाचलेली 5, तीन वाचलेली 4, चार वाचणारा 1 आणि अठरा वाचणारा 1. शेजारच्या स्तंभालेखात आडव्या अक्षावर पुस्तकं आहेत आणि स्तंभांची उंची म्हणजे मुलांची संख्या, अर्थात वारंवारता.

इथेच घोळ होतो. सहा स्तंभ दिसतात म्हणून 0, 1, 2, 3, 4 आणि 18 यांची बेरीज करून सहाने भागलं जातं. उत्तर येतं सुमारे 4.7, पण चारपेक्षा जास्त पुस्तकं वाचणारा एकच मुलगा आहे, हे पाहिलं तरी शंका यायला हवी. पुस्तकांच्या प्रत्येक संख्येला वारंवारतेने गुणलं, की बेरीज 50 येते. तिला 20 ने भागल्यावर मध्य 2.5.

मध्यकासाठी मुलांना चढत्या क्रमाने उभं करावं लागतं. वारंवारता मिळवत गेल्यास 3, 9, 14 असे आकडे येतात. म्हणजे दहावं आणि अकरावं मूल दोन पुस्तकांच्या स्तंभात आहे, म्हणून मध्यक 2.

मध्य मोठा का? अठरा पुस्तकांमुळे. तो मुलगा वगळला, तर मध्य सुमारे 1.7 वर उतरतो, मध्यक मात्र 2 वरच राहतो. वीसपैकी 14 मुलं मध्याच्या खाली आहेत, त्यामुळे वर्गातलं नेहमीचं वाचन मध्यकच अधिक खरं सांगतो. आलेखात 4 ला लागूनच 18 चा स्तंभ काढलेला असेल, तर मधली दरी डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी अक्षावरचे आकडे वाचावे लागतात.