एकच साक्षीदार, दोन्ही बाजूंनी

माझी भाची इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला मानसशास्त्र शिकते. परवा तिने सरावाच्या उत्तराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, बारापैकी पाच. सगळं तर लिहिलंय!’ लिहिलं होतंच. प्रश्न होता, स्मृतीच्या ‘मल्टी-स्टोअर मॉडेल’चं मूल्यमापन करा.

हे मॉडेल ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. बाहेरून आलेली माहिती आधी संवेदनांच्या कप्प्यात येते, लक्ष दिलं तर अल्पकालीन स्मृतीत आणि उजळणी केली तर तिथून दीर्घकालीन स्मृतीत जाते. भाचीने हे दीड पान सांगितलं, मग तीन अभ्यासांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी दोन ओळी: हे प्रयोग प्रयोगशाळेत झाले, म्हणून ते खऱ्या आयुष्यासारखे नाहीत.

तिच्या एडेक्सेल बोर्डात अशा प्रश्नाचे सहा गुण माहितीला असतात आणि सहा मूल्यमापनाला. एकेका मुद्द्याला एकेक गुण असा हिशेब नसतो. परीक्षक अख्खं उत्तर वाचून ते चारपैकी कुठल्या पातळीत बसतं ते ठरवतो. त्यामुळे माहितीची बाजू कितीही भरली तरी दुसरी बाजू रिकामी असेल तर उत्तर वर सरकत नाही. वेळही बेताचा. पहिला पेपर नव्वद गुणांचा, दोन तासांचा; म्हणजे या प्रश्नाच्या वाट्याला सोळा मिनिटं.

शाळेत तिला मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण आणि प्रतिमुद्दा अशी चौकट शिकवली होती. ती तिला पाठही होती. पण तिने पुराव्याच्या जागी गोष्ट लिहिली आणि स्पष्टीकरणाची जागा कोरी ठेवली. बहुतेकांचं इथेच फसतं.

मग फोनवर आम्ही एकच परिच्छेद नव्याने बांधला. मुद्दा एका वाक्यात: अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, हे या मॉडेलचं म्हणणं भक्कम आहे. पुरावा हेन्री मोलेसनचा, पुस्तकांतल्या ‘एच. एम.’चा. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसच्या परिसरातला भाग काढण्यात आला. त्यानंतर ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवणं त्याला जमायचं, पण नवा माणूस किंवा नवा प्रसंग त्याच्या लक्षात राहीना. भाचीने शस्त्रक्रियेवर पाच ओळी खर्चल्या होत्या, त्यातल्या चार खोडल्या. मुद्द्याला लागतं तेवढंच ठेवायचं: काय शाबूत राहिलं आणि काय गेलं.

स्पष्टीकरणात ‘यावरून मॉडेलला आधार मिळतो’ एवढंच लिहून भागत नाही. का मिळतो? दोन्ही स्मृती एकाच कप्प्यात असत्या, तर इजा झाल्यावर दोन्ही बिघडल्या असत्या. एक टिकली आणि दुसरी कोलमडली, म्हणून कप्पे वेगळे. हे ‘तर’ आणि ‘म्हणून’ दिसलं की मूल्यमापन सुरू झालं असं समजावं.

प्रतिमुद्द्याला तिने पुन्हा प्रयोगशाळेचं वाक्य काढलं. मी म्हटलं, त्यातलं मॉडेलचं नाव झाकून बघ. वाक्य कुठल्याही सिद्धान्ताला चिकटत असेल, तर ते इथलं नाही. शिवाय एच. एम.ला प्रयोगशाळेत कुणी घडवलं नव्हतं! प्रतिमुद्दा त्याच मुद्द्यावर आदळायला हवा, आणि गंमत म्हणजे तो त्याच माणसाकडे आहे. ब्रेंडा मिलनर यांनी मोलेसनला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि दर दिवशी आपण हे पहिल्यांदाच करतोय असं त्याला वाटायचं. म्हणजे कौशल्याची दीर्घकालीन स्मृती तयार होत होती, प्रसंगांची नव्हती. मॉडेलने दीर्घकालीन स्मृतीचा एकच कप्पा मानला होता, तो इथे फुटतो.

वेळ उरला तर दुसरा परिच्छेद शॅलिस आणि वॉरिंग्टन यांच्या १९७० मधल्या ‘के. एफ.’ या रुग्णावर. त्याला ऐकलेले एक-दोन आकडेच धरून ठेवता यायचे, तरी नव्या गोष्टी दीर्घकाळ लक्षात राहायच्या. वाट अल्पकालीन कप्प्यातूनच जाते, तर मग हे कसं? असे दोन परिच्छेद घट्ट बांधलेले असले तर पाच विस्कळीत परिच्छेदांपेक्षा पुष्कळ बरे.

शेवटी निकाल द्यावा लागतो, आणि ‘मॉडेलला फायदे आहेत तसे तोटेही’ हा निकाल नव्हे. भाचीने शेवटी लिहिलं: अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती वेगळ्या, हे मॉडेलचं म्हणणं एच. एम.मुळे टिकतं, पण प्रत्येक कप्पा एकसंध आहे आणि वाट एकच आहे, हे एच. एम. आणि के. एफ. या दोघांमुळे टिकत नाही. घड्याळ लावून लिहिलं होतं, एकोणीस मिनिटं लागली. मॉडेलचं वर्णन अजून तीन ओळींनी जास्तच आहे.