जुना विनोद, नवा प्रसंग

लग्न ठरलेली दोघं, ती नागपुरात, तो पुण्यात. तिचे उकडीचे मोदक फुटले, तेव्हा तिने लिहिलं, “मोदकांनी राजीनामा दिला.” दोघं हसली. त्याने दुसऱ्याच दिवशी तेच वाक्य पाठवलं असतं, तर ती नुसती नक्कल झाली असती. तो थांबला. आठवड्याभराने पावसात त्याची छत्री उलटली, तेव्हा त्याने फोटोखाली लिहिलं, “हिचाही राजीनामा आला.” पुढे त्याच्या लांबलेल्या मीटिंगबद्दल ऐकून तिने विचारलं, “संयमाचा राजीनामा मंजूर झाला का?”

इथे शब्द तोच राहिला, पण राजीनामा देणारा दर वेळी बदलला. मध्ये दिवस गेल्यामुळे ‘हिच्या लक्षात आहे!’ हा आनंदही मिळाला. संदर्भ समजावून सांगावा लागला, तर मजा तिथेच संपते. समोरच्याला आठवत नसेल, तर विषय बदलावा.

उत्तरात फक्त हसरा इमोजी येऊ लागला आणि समोरून भर पडेनाशी झाली, की विनोद दमला असं समजावं. मग त्याला काही आठवडे विश्रांती द्यावी. आणि ती खरोखर खचलेली असेल, तेव्हा राजीनाम्याचा विनोद नको, “काय झालं?” एवढंच विचारावं.