कोणी कोणाला मारलं?

'दोन गटांत हाणामारी, पाच जखमी.' वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा हा मथळा आपण इतक्या वेळा वाचतो, की त्यात काय सांगितलेलं नाही याकडे लक्षच जात नाही. पहिला फटका कोणाचा होता? जखमी झालेले पाचही एकाच गटातले तर नव्हेत? मथळा एवढंच सांगतो की मारणारे मारही खात होते आणि मार खाणारे मारतही होते. कर्ता आणि कर्म यांची अशी अदलाबदल ज्या रचनेत होते, तिला व्याकरणात परस्परवाचक रचना म्हणतात. तिची जवळची बहीण म्हणजे आत्मवाचक रचना. तिथे कर्ता आणि कर्म एकच असतात.

शरद आणि विनय ही दोन माणसं घेऊ. 'शरद आणि विनयने स्वतःला फसवलं' म्हटलं, तर ज्याची फसगत त्याच्याच हातून झाली. 'शरद आणि विनयने एकमेकांना फसवलं' म्हटलं, तर शरदने विनयला आणि विनयने शरदला. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून घोटाळा होत नाही. सगळ्या भाषांची सोय अशी नसते. फ्रेंचमधला 'स' किंवा जर्मनमधला 'झिश' हा एकच लहानसा शब्द दोन्ही कामं करतो. 'ते स्वतःला पाहतात' आणि 'ते एकमेकांना पाहतात' ही दोन्ही वाक्यं जर्मनमध्ये हुबेहूब एकसारखी होऊ शकतात. अर्थ संदर्भावरून लावायचा. संदर्भ पुरेना, तर 'एक दुसऱ्याला' अशा अर्थाचे जास्तीचे शब्द जोडायचे.

मराठीत एक तिसराही भिडू आहे, 'आपण'. त्याची खोड निराळी आहे. 'शरदला वाटलं की सुमनने स्वतःला फसवलं' या वाक्यात फसगत सुमनची. 'शरदला वाटलं की सुमनने आपल्याला फसवलं' असं म्हटलं, की फसगत शरदची झाली. 'स्वतः'ला आपला धनी त्याच उपवाक्यात लागतो. 'आपण' मात्र 'की'चं कुंपण ओलांडून बाहेरच्या वाक्यात धनी शोधतो. 'एकमेक' या बाबतीत 'स्वतः'च्या पंगतीला बसतो. 'शरद आणि विनय म्हणाले की सुमन एकमेकांना भेटली' हे वाक्य कानाला लगेच खटकतं, कारण आतल्या उपवाक्यात सुमन एकटीच आहे आणि बाहेरचे दोघं 'एकमेकां'च्या हाताला लागत नाहीत. मराठीची ही वागणूक काशी वाली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी बारकाईने तपासली आहे. शाळेच्या व्याकरणात मात्र 'स्वतः' आणि 'आपण' यांना 'आत्मवाचक सर्वनाम' या एकाच खणात टाकून विषय मिटवला जातो, आणि 'एकमेक' तर बहुधा भेटतच नाही.

आता एक जुनी गोष्ट. देवाणघेवाणीची ही खूण वाक्यात कुठे लावायची, नामाला की क्रियापदाला, हा प्रश्न पाणिनीने 'अष्टाध्यायी'त हाताळला आहे. त्याचा शब्द आहे 'कर्मव्यतिहार', म्हणजे क्रियेची अदलाबदल. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं चौदावं सूत्र सांगतं, की अशी अदलाबदल दाखवायची असेल तर धातूला आत्मनेपदाचे प्रत्यय लावावेत. कापणे या अर्थाच्या 'लू' धातूपासून 'लुनन्ति' म्हणजे 'ते कापतात'. 'व्यतिलुनते' म्हटलं की अर्थ बदलतो. याचं काशिकावृत्तीतलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. एकाने करायचं काम दुसऱ्याने करायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याने, ही ती अदलाबदल. थोडक्यात, माझ्या वाट्याची कापणी तू कर आणि तुझ्या वाट्याची मी. आपल्याकडे गावोगाव चालत आलेली सावड दुसरं काय आहे? सावडीसाठी संस्कृतने क्रियापदाचं एक रूपच राखून ठेवलं होतं.

पण खरी गंमत पुढच्या दोन सूत्रांत आहे. पंधरावं सूत्र म्हणतं की जाणे आणि हिंसा करणे या अर्थाच्या धातूंना हा नियम लावू नये. एकमेकांना मारण्यासाठी 'व्यतिघ्नन्ति' असंच म्हणायचं, साध्या परस्मैपदात. सोळावं सूत्र सांगतं, की वाक्यात 'इतरेतर' किंवा 'अन्योन्य' हे शब्द आलेच असतील, तर आत्मनेपद नको. 'अन्योन्यस्य व्यतिलुनन्ति' एवढं पुरे. नंतरच्या वैयाकरणांनी या यादीत 'परस्पर' हा शब्दही जोडला. म्हणजे अदलाबदल दाखवण्याची जबाबदारी एका स्वतंत्र शब्दाने उचलली, की क्रियापदाचा शेवट त्यातून मोकळा होतो. जगभरच्या भाषांची तुलना करणारे आजचे अभ्यासक ज्या दोन वाटा दाखवतात, त्या पाणिनीने एकाच भाषेत शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. मराठीने पुढे शब्दाची वाट धरली आणि क्रियापदाची सोडून दिली.

ती सुटलेली वाट जिवंत पाहायची, तर पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीकडे जावं. 'वानापेंडा' म्हणजे ते प्रेम करतात. शेवटी 'ना' जोडून 'वानापेंडाना' केलं की ते एकमेकांवर प्रेम करतात. मध्ये 'जि' घालून 'वानाजिपेंडा' केलं की ते स्वतःवरच प्रेम करतात. 'एकमेक' किंवा 'स्वतः' असा वेगळा शब्द लागतच नाही. 'पिगा' म्हणजे मारणे, तर 'पिगाना' म्हणजे मारामारी करणे. आणि 'जुमा अलीबरोबर पिगाना करतो' अशी एकवचनी कर्त्याची रचनाही तिथे चालते. दोघांपैकी एकाला पुढे उभं करायचं आणि दुसऱ्याला 'बरोबर' म्हणून मागे ठेवायचं.

मराठीत हेच काम 'शी' हा चिमुकला प्रत्यय करतो. 'सासू सुनेला बोलली' म्हणजे सुनेने मुकाट्याने ऐकून घेतलं. 'सासू सुनेशी बोलली' म्हणजे दोघीही बोलल्या. क्रियापद तेच आहे. फक्त 'ला'च्या जागी 'शी' आला आणि सुनेला तोंड फुटलं. भांडणे, लग्न करणे, स्पर्धा करणे या सगळ्यांना 'शी' लागतो, कारण ही कामं एकट्याने होत नाहीत. अशा क्रियांना 'एकमेकां'ची फारशी गरजही पडत नाही. 'सासू आणि सून भांडल्या' एवढं पुरतं. 'एकमेकींशी भांडल्या' हे चूक नाही, पण 'एकमेकींशी' गाळलं तरी पहिला अर्थ तोच लागतो.

यामागे एक साधं तत्त्व आहे. जॉन हेमन या भाषाशास्त्रज्ञाने 1983 साली ते आत्मवाचक रचनांच्या संदर्भात मांडलं. जे अपेक्षित असतं, त्याला भाषा थोडक्यात उरकते. जे अनपेक्षित, त्याला जास्त शब्द खर्च करते. 'त्याने दाढी केली' म्हटलं की आपण ती त्याचीच समजतो. दाढी दुसऱ्याची असेल, तर तसं सांगावं लागतं. लाथेचं नेमकं उलट आहे. 'त्याने लाथ मारली' म्हटलं की ती दुसऱ्याला, आणि स्वतःलाच मारली असेल तर 'स्वतःला' म्हणावंच लागतं. भांडण हे दाढीसारखं आहे, फसवणूक लाथेसारखी. म्हणून 'ते दोघे भांडले' हे वाक्य पूर्ण वाटतं, आणि 'त्या दोघांनी फसवलं' म्हणताच आपण विचारतो, कोणाला?

परत हाणामारीकडे येऊ. संस्कृतात केशाकेशि आणि दण्डादण्डि असे समास आहेत. एकमेकांचे केस धरून किंवा एकमेकांना काठ्यांनी बडवून जुंपलेली लढाई, हा त्यांचा अर्थ. तोच शब्द दोनदा घ्यायचा, पहिल्याचा शेवट 'आ' आणि दुसऱ्याचा 'इ' करायचा. मराठीतली गुद्दागुद्दी याच घाटाची आहे. मारामारी आणि ढकलाढकली या धातूंपासून झाल्या, पण घाट तोच. मात्र या घाटावर डोळे झाकून विसंबता येत नाही. पक्षांच्या फोडाफोडीत फुटणारा उलटून फोडतोच असं नाही. आणि शेवटची 'ई' नसलेली धावाधाव, रडारड, शोधाशोध पाहा. तिथे कोणी कोणाला काही करत नाही. एकच क्रिया अनेक माणसांत किंवा अनेक ठिकाणी पसरलेली असते. पसरलेली क्रिया आणि परस्परांवरची क्रिया या दोन कल्पना भाषांमध्ये अशा एकमेकींच्या कपड्यांत वावरताना पुष्कळदा दिसतात.

मारामारी आणि 'एकमेकांना मारणं' यांत फरक आहे का? मोजून पाहा. 'त्यांची तीनदा मारामारी झाली' म्हणजे प्रसंग तीन, फटके कितीही. 'त्यांनी एकमेकांना तीनदा मारलं' यात शरदचे तीन आणि विनयचे तीन, असे सहा फटके निघू शकतात, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी. नाम सगळा प्रकार एका गाठोड्यात बांधतं. 'एकमेकां'मध्ये दोन बाजू वेगळ्या राहतात, मोजता येतात. मथळा लिहिणारा हाणामारीच का निवडतो, ते इथे कळतं. त्या एका शब्दाने त्याला कोणी सुरुवात केली याचा शोध घेण्यापासून सुट्टी मिळते. एकाच बाजूने मार दिला असेल तेव्हा मात्र हा शब्द सरळ सरळ अन्याय करतो.

दोघांच्या पुढे गेलं की हिशेब वाढतो. 'पाच मित्र एकमेकांना ओळखतात' म्हणजे प्रत्येक जण उरलेल्या चौघांना ओळखतो. एकूण वीस ओळखी झाल्या, आणि त्यातली एकही कमी पडली तर वाक्य खोटं ठरेल. पण 'दहा जण एकमेकांच्या शेजारी बसले' यात प्रत्येकाला फार तर दोन शेजारी मिळतात, आणि तरी आपली तक्रार नसते. मेरी डॅल्रिंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याचं उत्तर सुचवलं. ऐकणारा प्रसंगात बसेल असा सर्वांत कडक अर्थ घेतो. ओळखीत वीसच्या वीस शक्य आहेत, म्हणून वीस. शेजारात ते शक्य नाही, म्हणून जमेल तेवढे.

उत्तर देखणं आहे, पण पुरतं नाही. 'माझी आजी आणि आई एकमेकींच्या मुली आहेत' हे वाक्य घ्या. कडक अर्थ अशक्य आहे, तेव्हा या नियमाने आपण सैल अर्थ घेऊन समाधान मानायला हवं, कारण दोघींपैकी एक तर खरोखर दुसरीची मुलगी आहे. पण कोणीही मानत नाही. वाक्य नुसतं वेडगळ वाटतं. एकाच दिशेने जाणाऱ्या साखळीसाठी मराठीने वेगळी सोय ठेवली आहे, 'एकावर एक' आणि 'एकामागे एक'. ताटं आपण एकावर एक रचतो, आणि सर्वांत खालचं ताट कशावर आहे असं कोणी विचारत नाही. आई आणि मुलगी एकामागे एक चालत गेल्या, असं सहज म्हणता येतं. त्याच दोघी एकमेकींच्या मागे चालत गेल्या म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या गोल गोल फिरायला लागतात.