मायक्रोकोड: दोन वाटा कशासाठी?

प्रोसेसरमधली दुरुस्ती कायम टिकत नाही. मायक्रोकोडचा नवा तुकडा चिपमधल्या तात्पुरत्या स्मृतीत बसतो आणि वीज गेली की पुसला जातो, म्हणून तो दर वेळी संगणक सुरू होताना पुन्हा भरावा लागतो. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर (बायोस) आपल्याकडची आवृत्ती भरते. मग लिनक्स किंवा विंडोज आपल्याकडची त्याहून नवी असेल तरच ती वर चढवते.

मग बायोस हवेच कशाला? कारण काही दुरुस्त्या ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीच लागू व्हाव्या लागतात. पण जुन्या बोर्डांना उत्पादक नवे बायोस देत नाहीत, तिथे दुसरी वाटच उरते. शिवाय या दुसऱ्या वाटेवर माघार सोपी. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टरवरच्या मायक्रोकोडने हॅसवेल व ब्रॉडवेल प्रोसेसरचे संगणक अचानक रीबूट होऊ लागले आणि 22 तारखेला इंटेलने वितरण थांबवायला सांगितले. लिनक्सवाल्यांना जुने पॅकेज टाकून रीबूट करणे पुरले. बायोस बदललेल्यांना मात्र जुने बायोस पुन्हा फ्लॅश करावे लागणार होते, आणि ते काम जोखमीचेच. लिनक्सवर चालू आवृत्ती अशी दिसते:

```
grep microcode /proc/cpuinfo
```