पैसे देऊन रिव्ह्यू करून घेताय? ई-मेलमध्ये या अटी आधीच लिहा

समजा, कोपरमधून घरगुती मालवणी मसाला विकणाऱ्या एका छोट्या ब्रँडला डोंबिवलीतील फूड क्रिएटरकडून रील करून घ्यायचे आहे. अनेकदा ‘कोलॅब कराल का?’ एवढाच मेसेज जातो. मसाला आवडला नाही तर काय, हा प्रश्न रील तयार झाल्यावर उभा राहतो आणि तिथेच वाद होतो. तो टाळायचा असेल तर पहिल्याच ई-मेलमध्ये सगळे स्पष्ट हवे.

पैसे नेमके कशाचे?

मानधन क्रिएटरच्या वेळेचे आणि मेहनतीचे असते, कौतुकाचे नाही. त्यामुळे मत काहीही असले तरी रक्कम तीच राहील, हे वाक्य ई-मेलमध्ये हवेच.

असा लिहा ई-मेल

विषय: मालवणी मसाला – सशुल्क रिव्ह्यूचा प्रस्ताव

“नमस्कार, तुमच्या माशांच्या रेसिपी आम्ही पाहतो. आमच्या मसाल्याचा ६० सेकंदांचा एक रील तुम्ही करावा, अशी विनंती आहे. मानधन ६,००० रुपये. निम्मे होकारानंतर, निम्मे रील पोस्ट झाल्यावर दोन दिवसांत. २५० ग्रॅमचे पाकीट पाठवू, ते परत नको. किमान तीनदा वापरून पाहा. त्यासाठी दहा दिवस आहेत. मत तुमचेच राहील, त्यावरून मानधन बदलणार नाही. पोस्ट करण्याआधी आम्ही फक्त किंमत, वजन आणि घटक तपासू. ‘पेड पार्टनरशिप’ लेबल लावावे आणि रीलमध्ये तसे सांगावे. रील आमच्या पेजवर ३० दिवस वापरू. जाहिरातीत वापरायचा असल्यास वेगळे मानधन ठरवू. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावे.”

दहा दिवस कशासाठी?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार स्वतः न वापरलेल्या किंवा पडताळणी न केलेल्या वस्तूची शिफारस करता येत नाही. आज पार्सल, उद्या रील अशी घाई केली तर क्रिएटर अडचणीत येतो. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्हिडिओतच, आवाजात आणि मजकुरातही, ही जाहिरात असल्याचे सांगावे लागते. खालच्या हॅशटॅगच्या गर्दीत ते लपवून चालत नाही. पैसे न देता फक्त पाकीट मोफत दिले, तरी ते सांगावेच लागते.

धोका कुठे?

‘फक्त चांगलेच बोला’ किंवा ‘लेबल लावू नका’ अशी अट आली, तर क्रिएटरने नकार द्यावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादक आणि शिफारस करणारा, दोघांनाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. ‘या मसाल्याने पचन सुधारते’ असा दावाही पुराव्याशिवाय बोलायला सांगू नये. मसाला तिखट आहे, खमंग आहे की नाही, एवढे क्रिएटरला चाखून सांगता येते; पचनाचे नाही.