वर कोण, खाली कोण?

दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ काढायचं गणित समोर आलं की बारावीची बरीच मुलं थेट संकलनाला हात घालतात. संकलन बरोबर येतं आणि उत्तर मात्र चुकतं. खरी गोम संकलनाच्या आधी असते. वक्र एकमेकांना कुठे छेदतात आणि त्या छेदनबिंदूंच्या दरम्यान वर कोण असतं, हे आधी कळायला हवं.

साधं उदाहरण घेऊ. y = x² हा पॅराबोला आणि y = x + 2 ही रेषा. दोन्ही जिथे भेटतात तिथे त्यांची उंची सारखी असते, म्हणून x² = x + 2, म्हणजेच (x − 2)(x + 1) = 0. छेदनबिंदू x = −1 आणि x = 2 ला आले. आता मधली कुठलीही सोपी किंमत घ्या. x = 0 घेतलं तर रेषेची उंची 2 आणि पॅराबोलाची 0. रेषा वर आहे.

आता या भागाच्या उभ्या, अगदी बारीक पट्ट्या कल्पा. प्रत्येक पट्टीची उंची म्हणजे वरच्या वक्राच्या उंचीतून खालच्याची वजा केलेली उंची. दोन्ही वक्र x-अक्षाच्या खाली असले तरी काही बिघडत नाही. एक −1 वर आणि दुसरा −3 वर असेल, तर मधलं अंतर 2 च. या सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे x + 2 − x² चं −1 पासून 2 पर्यंतचं संकलन. ते 4.5 येतं.

हे उत्तर पडताळायला एक जुना मार्ग आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, संकलनाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, आर्किमिडीजने सिद्ध केलं होतं की रेषेने कापलेल्या पॅराबोलाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ आतल्या एका विशिष्ट त्रिकोणाच्या 4/3 पट असतं. आपल्या आकृतीत या त्रिकोणाची दोन टोकं छेदनबिंदूंवर आणि तिसरं x = 1/2 ला पॅराबोलावर येतं. त्याचं क्षेत्रफळ 3.375 आहे. त्याची 4/3 पट केली की बरोबर 4.5!

इथवर सगळं सरळ आहे. आता y = x³ आणि y = x² + 2x घ्या. समीकरण होतं x³ = x² + 2x. दोन्ही बाजूंना x दिसतो, म्हणून घाईत त्याने भागून टाकलं की उरतं x² = x + 2. पुन्हा −1 आणि 2. मग x = 1 ला तपासलं तर x³ ची उंची 1 आणि दुसऱ्याची 3, म्हणजे x² + 2x वर. −1 पासून 2 पर्यंत संकलन केलं की उत्तर 9/4, म्हणजे 2.25. उत्तर धन आहे, आकडाही पटण्याजोगा आहे. तरीही ते चूक आहे.

x ने भागताना x = 0 हे मूळ हातचं गेलं. वक्र तिथेही छेदतात आणि तिथेच वरचा खाली जातो. x = −1/2 ला पाहा: x³ ची उंची −0.125, दुसऱ्याची −0.75. शून्याच्या डावीकडे x³ वर आहे. डावीकडचा भाग 5/12, उजवीकडचा 8/3, एकूण 37/12, म्हणजे सुमारे 3.08. चुकीच्या उत्तरात डावा भाग मिळवायच्या ऐवजी वजा झाला होता. शेवटी येणाऱ्या उत्तराचं फक्त चिन्ह बदलून ही चूक भरून निघत नाही, कारण वजाबाकी आतल्या आत होऊन गेलेली असते. उत्तर ऋण किंवा शून्य आलं असतं तर निदान शंका तरी आली असती. म्हणूनच मला हे 2.25 अधिक घातक वाटतं.

दोन लगतच्या छेदनबिंदूंच्या मध्ये एकच किंमत तपासून का भागतं? अखंड वक्र एकमेकांना भेटल्याशिवाय वर-खाली होऊ शकत नाहीत, म्हणून. याचा अर्थ भेटले की जागा बदलतीलच, असा मात्र नाही. y = x² हा वक्र x-अक्षाला 0 ला नुसता स्पर्श करतो आणि वरच राहतो. म्हणून प्रत्येक तुकड्यात स्वतंत्रपणे किंमत घालून पाहायची. वक्र मध्येच तुटत असेल तर हा आधारही जातो: y = 1/x हा x-अक्षाला कुठेच भेटत नाही, तरी 0 च्या डावीकडे त्याच्या खाली आणि उजवीकडे वर असतो. अशा ठिकाणी छेदनबिंदू नसला तरी तुकडे पाडावेच लागतात.

परीक्षेला बसणाऱ्यांना एवढंच सांगेन: समीकरणाला x ने भागू नका. सगळं एका बाजूला घ्या आणि x अवयव म्हणून बाहेर काढा.